अठरा उसने तागे

भिवंडीत एका शर्टवाल्या शेठकडे मी सात वर्षं कागद करत होते. कोणी विचारलं, काय काम करतेस, तर मी एवढंच सांगायची, "कागद करते." कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे, पेट्या भरणारे वेगळे, पण भरलेली पेटी बंदरातून पुढे सरकायची ती माझ्या कागदांवर. त्याचा मला भारी तोरा होता, खोटं कशाला सांगू. आमच्या शेलार गावच्या आळीत बी.कॉम. झालेली मी एकटी, वर इंग्रजीत टायपिंग येणारी. रिक्षातून उतरून फाइल छातीशी धरून गल्लीतून चालले की आपण काहीतरी आहोत असं वाटायचं. आज त्या चालण्याची आठवण आली तरी मला माझाच राग येतो.

त्या सगळ्या कागदांत नखरेल कागद एकच, फॉर्म ए. युरोपातले देश तेव्हा आपल्यासारख्या देशांच्या मालाला जकातीत थोडी सूट देत. आमच्या शर्टाला शंभरामागे दोन-अडीचची. ऐकायला किरकोळ, पण गिऱ्हाईक आपल्याकडे यायचं की दुसऱ्या देशात जायचं ते तेवढ्यावर ठरायचं. आणि ही सूट मिळायची ती माल भारतातून निघाला म्हणून नव्हे, तर भारतात झाला म्हणून. झाला म्हणजे किती झाला, हे प्रत्येक वस्तूला वेगळं लिहून ठेवलेलं. आमच्या शर्टाचा नियम असा, की सुतापासून पुढचं काम इथलं पाहिजे. सूत कुठलंही आणा, ते चालेल. पण त्या सुताचं कापड इथं विणायचं आणि त्या कापडाचा शर्ट इथं शिवायचा. चीनमधून तयार कापड आणून इथं नुसती कात्री आणि शिलाई मारली, तर त्या शर्टाला सूट नाही. तो विकायला बंदी नव्हती बरं का. पूर्ण जकात भरा आणि खुशाल न्या, सूट तेवढी मागू नका.

मुंबईचं एक ऑफिस ते सर्टिफिकेट द्यायचं. आठव्या रकान्यात मी W हे अक्षर टाकायची आणि पुढे शर्टाचा जकातीतला नंबर. त्या एका अक्षराचा अर्थ असा, की या मालावर या देशात पुरेसं काम झालेलं आहे. त्याच्या पाठीशी सुताचं बिल, विणणाऱ्याचं लेखी निवेदन, कापणीची नोंद असं सगळं लावायचं आणि नंतर काही वर्षं जपून ठेवायचं. कारण युरोपच्या कस्टमला शंका आली, किंवा सहज चाळणी लावून काही कागद तपासावेसे वाटले, तर ते सर्टिफिकेटची प्रत मुंबईला परत पाठवत आणि विचारत, हे खरं आहे का, बघून सांगा.

आमचं कापड विणायचा मामा. हा माझा सख्खा मामा नव्हे. आईचा मानलेला भाऊ, आमच्याच शेलारचा. आमच्याकडे मामाला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून मीही त्याला अरे-तुरेच करायची. घरामागच्या स्वतःच्या जागेत त्याची शेड होती आणि शेडमध्ये आठ लूम, म्हणजे विजेवरचे माग. जुन्याच, शटलवाल्या. चार पुरबी कारागीर, दोन शिफ्ट, आणि शटलच्या कांड्यांवर सूत भरायला मामी. मामा दिवसभर लूममधून फिरायचा. कुठला धागा तुटला ते त्याला आवाजावरून कळायचं, बोलता बोलता मध्येच उठून जायचा आणि बरोबर त्याच लूमपाशी जाऊन उभा राहायचा. सगळी भिवंडी व्यापाऱ्यांची मजुरीवरची कापडं विणून कशीबशी जगत होती, त्यातलाच तोही. बाजार बसला की लूम बंद, मग कारागीर गावाला, मग पुन्हा त्यांना बोलावून आणा. लोक लूम भंगारात काढून शेडी गोडाऊनला देत होते. मामाच्या मागेही त्याचा मुलगा तेच टुमणं लावून बसला होता. मामाचं म्हणणं एकच, "वर्साचं काम मिळालं तर लूम काढनार न्हाय."

ते वर्षाचं काम त्याला मी मिळवून दिलं. शेठला मीच म्हटलं, विणणारा ओळखीचा असला की कागदांना बरं पडतं. शेठ गाडी घेऊन आला, मामाचं कापड बोटांत चोळून बघितलं, आणि सूत आमचं, विणणं तुझं, मजुरी अमुक, असं ठरवून गेला. मामीनं त्या दिवशी आमच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण पाठवलं. दीड वर्ष ते काम चाललं. मुलगा गोडाऊनचं नाव काढेनासा झाला. मामाला रस्त्यात कोणी भेटलं तर तो सांगायचा, माझा कापड युरोपात जातो, आणि माझ्याकडे बोट करून म्हणायचा, हिच्यामुळं.

दर खेपेला मी निवेदनाचा कागद घेऊन घरी जाताना त्याच्या शेडमध्ये थांबायची. इंग्रजीत एक पानभर मजकूर, खाली सहीची जागा. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, की सोबतच्या यादीतलं सगळं कापड मी या सुतापासून माझ्या या आठ लूमवर विणलेलं आहे. मामा लूमच्या खडखडाटात ओरडून विचारायचा, कसला कागद गो? मी ओरडून सांगायची, नेहमीचाच आहे, कर सही. तो हात लुंगीला पुसायचा, पेन धरायचा आणि सावकाश सही करायचा. दीड वर्षात एकदाही मी त्याला लूम बंद करायला लावून, खुर्चीत बसवून, सांगितलं नाही की मामा, या कागदात असं असं लिहिलंय आणि ते अमुक कारणासाठी लिहिलंय. का नाही सांगितलं? वेळ नव्हता असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. वेळ होता. दोन मिनिटांचं काम होतं. मला वाटायचं, त्याला काय कळणार आहे. सातवी शिकलेला माणूस, जकात, सूट, आठवा रकाना. ही माझी अक्कल, आणि तिला मी शिक्षण समजत होते.

मग ती साठ ताग्यांची ऑर्डर आली. फिक्या निळ्या शर्टांची. ताग्याला शंभर मीटर धरा. मामाच्या आठ लूमला दोन शिफ्टनं दोन आठवड्यांचं काम, आणि शेठनं तेवढीच मुदत दिलेली. मध्येच गावचा ट्रान्सफॉर्मर जळला. चार दिवस शेलारच्या त्या बाजूला लाईट नाही. मी तेव्हा रोज संध्याकाळी मेणबत्तीवर जेवत होते, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. तरी सांगितल्या दिवशी साठच्या साठ तागे प्रोसेसला, म्हणजे रंगवायला, गेले. मला वाटलं, मामानं कसंही करून भागवलं.

मामानं भागवलं ते आमच्या गावातल्या रीतीनं. त्याच्या शेडच्या पलीकडे त्याचा लहानपणचा दोस्त. त्यानं लूम कधीच काढून टाकलेल्या आणि आता तो कापडाचा माल भरून ठेवायचा. अठरा तागे कमी पडत होते. मामानं त्याच्याकडून अठरा तागे उसने आणले. आता हे भिवंडीत कोणाला सांगितलं तर तो म्हणेल, मग? यात काय झालं? इथं ताण्याच्या सुताचा बीम उसना घेतात, कांड्या उसन्या घेतात, मुकादम आणि कारागीरसुद्धा आठवडाभरासाठी उसने घेतात. तोच वाण, तेवढाच पन्ना म्हणजे रुंदी, तेवढाच तागा परत द्यायचा, की विषय संपला. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. ते कोणाला सांगायचं असतं असंही कोणाला वाटत नाही, शेजारणीकडून वाटीभर साखर आणली हे कोण सांगतं? आणि मामानं ते फेडलंही. लाईट आल्यावर, शेठच्याच उरलेल्या सुतातून, त्यानं अठरा तागे विणले आणि दोस्ताच्या दारात नेऊन टाकले.

पण दोस्ताचे ते तागे चीनमधून आलेले होते. गाठोड्यावर तसा शिक्का होता, मामानं तो बघितलाही होता. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्यानं हात फिरवून बघितलं आणि तो खूश झाला, कारण कापड त्याच्यापेक्षा एकसारखं होतं, गाठ नाही, डाग नाही. शेठला आपण कमी प्रतीचं देत नाही, चढ्या प्रतीचं देतोय, याचं त्याला समाधान होतं.

आणि आता माझं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

कापड रंगून कापणीच्या टेबलावर आलं तेव्हा मी तिथं होते. नगांचा आकडा घ्यायला गेले होते. शटलच्या लूमवर कापडाची किनार बंद असते. धागा जातो आणि तसाच वळून परत येतो, म्हणून कड अगदी घट्ट. नव्या, शटल नसलेल्या मशीनवर धागा दर फेरीला कापला जातो, म्हणून कडेला बारीक झालर सुटते. हे भिवंडीत वाढलेल्या कोणालाही कळतं. टेबलावर थरावर थर पसरले होते आणि मधल्या थरांच्या कडेला झालर होती. कापणी मास्तर हसत म्हणाला, "मामा ने नया लूम लिया क्या?"

मी झालर बघितली. बोटानं हातही लावला. मामाकडे नवी लूम नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मनात काहीतरी चमकून गेलं, खरंच गेलं. पण मुंबईच्या ऑफिसात कागद नेणारा माणूस खाली थांबला होता, दुसऱ्या एका मालाचे कागद अडले होते, आणि विचारायला गेलं तर जे ऐकावं लागेल ते मला नको होतं. मी हसले आणि आकडा लिहून खाली आले. मास्तरनं कात्री चालवली. किनारी चिंध्यांत गेल्या. कुठला शर्ट कुठल्या ताग्याचा, ते सांगणारी तेवढी एकच खूण होती, ती दुपारपर्यंत झाडून पोत्यात भरली गेली. तीन दिवसांनी मी मामाची सही आणली, फॉर्म भरला आणि आठव्या रकान्यात W टाकला.

त्या दिवशी विचारलं असतं तर काय करावं लागलं असतं, सांगू? अठरा ताग्यांचे शर्ट वेगळे कापायचे, वेगळ्या पेट्यांत भरायचे, त्यांचं इनव्हॉइस वेगळं करायचं आणि त्याला फॉर्म ए लावायचा नाही. तेवढ्या शर्टांवर गिऱ्हाइकानं पूर्ण जकात भरली असती, शेठनं भावात थोडं सोडलं असतं, मला शिव्या घातल्या असत्या. बाकीच्या बेचाळीस ताग्यांची सूट शाबूत राहिली असती. बस्स. अर्ध्या दिवसाचं टायपिंग.

आठ-नऊ महिने गेले. मध्ये मामाच्या मुलानंही लूमवर उभं राहायला सुरुवात केली होती. मग एके सकाळी मुंबईच्या ऑफिसचं पत्र आलं. तिकडच्या कस्टमनं काही सर्टिफिकेटं तपासणीला परत पाठवली होती, त्यात फिक्या निळ्या शर्टांचं होतं. आमच्याविरुद्ध तक्रार वगैरे काही नव्हती, नुसती चाळणी. अधिकारी येऊन बघणार होते. शेठ निर्धास्त होता. म्हणाला, आपले कागद स्वच्छ आहेत, दाखव. मी मात्र फाइल उघडली आणि डोळ्यांपुढे ती झालर आली.

अधिकारी येणार त्याच्या आदल्या दिवशी मी मामाकडे गेले. शेडची वही लागणार होती. ती वही मामी लिहायची. मामी चौथी शिकलेली, पण अक्षर मोत्यासारखं. रोज किती तागे उतरले, कुठली लूम चालली, कोण कारागीर आला नाही, सगळं. पानांवर तिनंच कोपऱ्यात आकडे घातलेले. मी ते आठवडे काढले. चार दिवसांच्या चार ओळी सलग: "लाईट न्हाय. बंद." पुढे चौदाव्या दिवशी: "तागे ६० गेले. १८ पलीकडून आनले." आणि त्यानंतर आठवड्याभरानं: "१८ फेडले."

ती दोन पानं फाडावीत असं माझ्या मनात आलं. आलं, कबूल करते. पण मामीचे आकडे कोपऱ्यात बसलेले होते, आणि ती समोर बसून कांड्या भरत होती. मी फक्त मामाला विचारलं, हे तागे कुठले? त्यानं सगळं सांगितलं, शिक्क्यासकट, अगदी मोकळेपणानं. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, काय झालं गो? मी म्हटलं, काही नाही, उद्या साहेब येतील, खरं काय ते सांग. त्याही दिवशी मी त्याला समजावून सांगितलं नाही. तोंडच झालं नाही.

अधिकारी सभ्य माणूस होता, डबा घेऊन आला होता आणि चहासुद्धा नको म्हणाला. त्यानं आठ लूम मोजल्या. एक लूम दिवसाला किती काढते ते कारागिराला विचारलं, लाइटबिल मागून बघितलं आणि मग वही उघडली. वहीचं त्यानं कौतुक केलं. म्हणाला, मोठमोठ्या गिरण्यांत अशी नोंद ठेवत नाहीत. मामी पदर सावरत दारात उभी होती, ती खुलली. मग त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मामाला विचारलं, हे अठरा पलीकडून आणले म्हणजे?

"उसने आनले, साहेब. लाईट नव्हती. फेडले की, लिवलंय बघा," मामा म्हणाला. आणि साहेबाला वाईट माल दिल्याचा संशय आलाय असं वाटून त्यानं पुढे जोडलं, "माझ्यापेक्षा सरस कापड दिलं. कमी न्हाय दिलं. चायनाचा माल व्हता."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. मला वाटतं, त्याला वाईट वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, त्या ताग्यांचे शर्ट वेगळे सांगता येतील? कापणीच्या नोंदीत ताग्यांचे नंबर आहेत? नव्हते. नुसता लॉट लिहिलेला होता, साठ तागे, फिका निळा. मग तो म्हणाला, कुठले शर्ट इथल्या कापडाचे आणि कुठले नाहीत हे सिद्ध करता येत नसेल, तर सगळ्या मालाचं सर्टिफिकेट खरं आहे असं आम्हाला कळवता येणार नाही. त्यानं वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढून घेतल्या, मामाचा जबाब लिहून सही घेतली. मामानं या वेळीही हात लुंगीला पुसला आणि सावकाश सही केली.

पुढचं सगळं पत्रांतून झालं. मुंबईहून तिकडे उत्तर गेलं. तिकडच्या कस्टमनं गिऱ्हाइकाकडून सगळ्या मालावर सूट दिलेली रक्कम वसूल केली, आणि आमच्या आधीच्या मालांवरही प्रश्न विचारले. गिऱ्हाइकानं दुसरा देश धरला. शेठनं माझ्यावर आवाज चढवला नाही. तो दुपारी मला म्हणाला की तुझ्या मामाला सांग, इथून पुढे आपलं काम नाही. मी मोठ्या गिरणीचं कापड घेतो, त्यांच्याकडे प्रत्येक ताग्याला नंबर असतो. मी विचारलं, आणि मी? तर म्हणाला, तू राहा, तुझे कागद चांगले असतात. मी राहिले. हेही सांगायला हवं. मामाचं काम गेलं आणि ज्या हातानं तो W टाकला त्या हाताला पगार चालू राहिला.

मामाला शेठचा निरोप सांगायला मी गेले तेव्हा लूम चालू होत्या, शेठचंच शेवटचं सूत संपवत होत्या. तो म्हणाला, बघू, दुसरं मिळंल. दुसरं मिळालं, व्यापाऱ्याची मजुरी, तीही अधूनमधून. वर्षभर त्यानं ओढलं. मग मुलानं शेड गोडाऊनला द्यायचं ठरवलं आणि या खेपेला मामानं अडवलं नाही.

लूम उचलायला भंगारवाले आले त्या दिवशी मी रजा टाकून गेले. कशाला गेले, माझं मला माहीत नाही. अंगणात मामीनं खाट टाकली होती. आत हातोडे चालत होते. मामा माझ्याशेजारी बसला होता आणि दर थोड्या वेळानं उठायला बघायचा, आवाज बदलला की, आणि पुन्हा बसायचा.

तेव्हा मी त्याला सांगितलं. सगळा नियम, पहिल्यापासून. सूट का देतात, कशाला देतात, कापड कुठं विणलं ते का बघतात. लूमचा खडखडाट नव्हता, ओरडावं लागत नव्हतं. तो शांतपणे ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, "म्हंजी सूत चायनाचा चालला असता?"

"हो. सूत कुठलंही चाललं असतं."

"आनि विननं? ते माझंच पायजे व्हतं?"

"हो मामा. तेच पाहिजे होतं."

 त्याचं कापड खरखरीत म्हणून, गाठी पडतात म्हणून, पन्ना कमी म्हणून जन्मभर सगळ्यांनी भाव पाडला होता. आणि कुठल्या तरी दूरच्या देशानं लिहून ठेवलं होतं, की सूत कुठलंही आणा, पण विणलेलं या माणसाचं पाहिजे. हे त्याला लूम विकल्याच्या दिवशी कळत होतं. मग तो म्हणाला, "ते अठरा मी मागून विनले ना. ते लय चांगले उतरलेले. ते गेले दोस्ताच्या गोडाऊनात, चायनाच्या मालात." त्याला हसू आलं, पण ते पुरं झालं नाही.

मला तेव्हा झालरीचं सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. मामा, मी ती झालर बघितली होती, हात लावला होता, तेव्हा मी तुझ्याकडे आले असते तर आज या लूम जाग्यावर असत्या. पण तो मघाच्या अठरा ताग्यांतच अडकलेला होता, आणि मी भित्री. नाही सांगितलं. नंतरही कधी नाही. त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की चूक त्याचीच होती, आणि माझ्या आईजवळ तो म्हणायचा, पोरीला माझ्यामुळं शेठपुढं खाली बघावं लागलं.

मामी आतून वही घेऊन आली. शेवटचं पान काढून तिनं तारीख घातली, खाली लिहिलं, "लूम ८ गेल्या." मग पेन माझ्या हातात दिलं. म्हणाली, तो नेम काय व्हता, तो इथं लिव, मराठीत. आमाला वाचू दे तरी.

मी लिहायला बसले. दीड वर्षाच्या फायली, पानभर इंग्रजी, आठवा रकाना, मुंबईचं ऑफिस, सगळं डोळ्यांपुढे होतं. लिहून झालं तेव्हा पानावर दोनच ओळी होत्या. सूत कुठलंही चालेल. कापड आपल्याच लूमवर विणलेलं पाहिजे.

मामीनं वही हातात घेतली, बोट फिरवत वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढंच व्हतं?"